साडेचार किलो की सहा?

प्रश्न: डॉक्टर, मी ठाण्यात कोपरीला राहते. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनाही चोविसावा आठवडा चालू आहे. माझी उंची १५४ सेंटिमीटर, लग्नानंतर वजन ६२ किलोवर टिकून होतं. सुरुवातीला खूप उलट्या झाल्या. कार्डावर ११ व्या आठवड्यात ६०.५, १६ व्यात ६२.५, २० व्यात ६४.५ आणि आता ६६.५ असं लिहिलंय. जाऊबाई १५७ सेंटिमीटर, ४३ ची ५० किलो झाली. सासूबाई म्हणतात, तिचं सात किलो वाढलं, तुझं साडेचारच, बाळ बारीक राहील. रोज सकाळी दोन डिंकाचे लाडू देतात. दवाखान्यातली सिस्टर मात्र ओरडली, की सहा किलो वाढलं, खाणं आवर. नक्की किती वाढायला हवं?

उत्तर:

सासूबाईंची काळजी अनाठायी आहे. सिस्टरचा हिशेब चुकलाय, पण तिचा इशारा अगदीच खोटा नाही. तुमचं एकूण वाढलेलं वजन आजच्या घडीला बरोबर आहे, फक्त गेल्या दोन महिन्यांचा वेग जरा जास्त आहे. आणि जाऊबाईंचं सात किलो हे तुमच्यासाठी माप नाही. तुम्हा दोघींचा आठवडा एक असला तरी सुरुवात एक नव्हती.

आधी सिस्टरचं घेऊ, कारण ही चूक मी आमच्या ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी पाहते. कार्डावरचं पहिलं वजन म्हणजे सुरुवातीचं वजन, असं धरलं जातं. पण मोजणी सुरू होते ती गरोदर होण्याआधीच्या वजनापासून. तुमच्या बाबतीत ते ६२. अकराव्या आठवड्याला तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा उलट्यांनी दीड किलो उतरलेलं होतं. ते भरून निघालं, त्याला वाढ म्हणायचं नाही. ६६.५ मधून ६२ वजा केले की साडेचार उरतात, आणि हाच खरा आकडा. एखादीला आधीचं वजन आठवतच नसेल, तर मी नोकरीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, विम्याचे कागद, लग्नाआधी कधी ताप आला तेव्हाची डॉक्टरांची चिठ्ठी, असं काहीही शोधायला सांगते. काहीच नसेल तर पहिल्या दहा-बारा आठवड्यांतलं वजन धरून चालावं लागतं, पण मग उलट्या किती झाल्या होत्या हे शेजारी लिहून ठेवायचं.

आता तुमच्या शरीराचा मूळ आकार. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, आणि त्याने वजनाला भागा. १.५४ गुणिले १.५४ म्हणजे साधारण २.३७. ६२ भागिले २.३७, उत्तर येतं २६ च्या किंचित वर. याला बीएमआय म्हणतात. जाऊबाईंचा काढा: १.५७ गुणिले १.५७ म्हणजे २.४६, आणि ४३ भागिले २.४६ म्हणजे साडेसतरा. साडेअठराच्या खाली म्हणजे कमी वजन, साडेअठरा ते २५ मध्यम, २५ ते ३० जास्त, ३० च्या पुढे लठ्ठपणा. एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या तुम्ही दोघी दोन टोकांच्या गटांत आहात.

जगभर बहुतेक डॉक्टर जे आकडे वापरतात ते अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिले. कमी वजनाच्या बाईने पूर्ण नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढावं, मध्यम वजनाच्या बाईने साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाच्या बाईने सात ते साडेअकरा, आणि लठ्ठ बाईने पाच ते नऊ. हे एका बाळासाठी. जुळी असतील तर आकडे बरेच वर जातात, त्याचा इथे विचार करत नाही.

सुरुवातीला जाड असलेल्या बाईला कमी का पुरतं, हे सासूबाईंना समजावताना मी बाळ-वार-पाणी असा हिशेब मांडते. नववा महिना भरताना बाळ तीन किलोच्या आसपास. वार अर्ध्या किलोहून थोडी जास्त. गर्भजल पाऊण किलोच्या पुढेमागे. गर्भाशय स्वतःच किलोभर वाढतं. स्तन चारेकशे ग्रॅम. अंगातलं रक्त सव्वा ते दीड किलोने वाढतं, कारण वारेला पुरवठा करायचा असतो. आणि अंगात साठणारं पाणी दीड किलोच्या घरात. हे सगळं मिळून साडेआठ-नऊ किलो होतं. यात चरबीचा एक ग्रॅमही धरलेला नाही.

त्यावर शरीर साधारण तीन किलो चरबी साठवतं, पुढे दूध पाजायला लागेल म्हणून. जाऊबाईंच्या अंगात तो साठा नाही. तिला बाळाचं सगळं सामान घ्यायचंय आणि शिवाय कोठारही भरायचंय, म्हणून तिचा आकडा मोठा. तुमचं कोठार आधीच भरलेलं आहे. तुमच्या शरीराने थोडी जुनी चरबी खर्च केली आणि काट्यावर आठ किलोच वाढ दिसली, तरी बाळाच्या वाट्याचं काहीच कमी होत नाही. ‘हिचं सात, तुझं साडेचारच’ ही तुलना म्हणूनच लागू पडत नाही.

आता चोविसाव्या आठवड्याला नेमकं किती हवं होतं ते पाहू. पहिल्या तीन महिन्यांत कुठल्याही बाईचं अर्धा ते दोन किलोच वाढतं, काहींचं वाढतच नाही. खरी वाढ तेराव्या आठवड्यानंतर सुरू होते. तुमच्या गटात आठवड्याला २३० ते ३३० ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या पुढेमागे. तेरा ते चोवीस हे अकरा आठवडे. गुणाकार केला की अडीच ते साडेतीन किलो, त्यात पहिल्या तीन महिन्यांचे अर्धा ते दोन मिळवा: तीन ते साडेपाच. तुमचे साडेचार त्याच्या मधोमध बसतात. जाऊबाईंच्या गटात आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास हवं, म्हणजे आत्तापर्यंत पाच ते आठ. तिचे सात उत्तम आहेत.

मग मी वेग जास्त का म्हणाले? कार्डावरचे शेवटचे तीन आकडे परत बघा. सोळाव्या आठवड्याला ६२.५, विसाव्याला ६४.५, चोविसाव्याला ६६.५. दर चार आठवड्यांनी दोन किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. हा तुमच्या जाऊबाईंचा वेग आहे, तुमचा नाही. उलट्यांमुळे तुम्ही मागे राहिला होतात, त्यामुळे सध्या बेरीज बरोबर दिसतेय. पण उरलेले सोळा आठवडे याच चालीने गेले तर आणखी आठ किलो वाढतील आणि एकूण साडेबारा होतील, म्हणजे तुमच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे. तोच वेग आता आठवड्याला पाव किलोवर आला तर शेवटी साडेआठ होतील. मला तुमच्यासाठी तेच हवंय.

साडेआठच का, मर्यादा तर साडेअकरापर्यंत आहे? इथे माझं मत सांगते, सगळे डॉक्टर इतकं काटेकोर बोलतीलच असं नाही. ते २००९ चे गट पाश्चात्त्य मापांवर बेतलेले आहेत. आपल्याकडे २३ च्या पुढेच जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांना त्याच बीएमआयला पोटावर चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर हे बाळांतही दाखवलंय: आपली नवजात बाळं वजनाला हलकी असतात, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते. म्हणून बीएमआय २३ ते २५ असलेल्या बाईला मी तिच्या गटातल्या खालच्या निम्म्या भागात राहायला सांगते, आणि तुमच्यासारख्या २६ वालीला सात ते नऊ. याच्या खाली मात्र मी ढकलत नाही. वरची मर्यादा ओलांडली तर मोठं बाळ, सिझेरियन आणि बाळंतपणानंतर न उतरणारं वजन यांची शक्यता वाढते. खालची सुटली तर बाळ लहान राहण्याची आणि दिवस भरायच्या आधी होण्याची.

‘ढकलत नाही’ म्हणतेय त्यामागे माझीच एक चूक आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका बाईला, तिचा बीएमआय ३२ होता, मी जरा तोडूनच म्हणाले, ‘तुमचं आता एक किलोही वाढता कामा नये.’ तिने ते मनावर घेतलं. रात्रीचं जेवण बंद, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी. महिन्याने आली तेव्हा काटा दीड किलो खाली होता आणि ती खूश होती. लघवी तपासली तर कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळत असल्याची खूण. चक्कर येत होती, आणि पोटाची वाढही आठवड्यांच्या मानाने कमी भरत होती. मी तिला परत तीन वेळा जेवायला लावलं. वजन हळूहळू वाढत गेलं, बाळ पुढे व्यवस्थित झालं. तेव्हापासून जाड बाईला मी ‘वाढू नका’ म्हणत नाही, ‘आठवड्याला पाव किलो’ म्हणते. गरोदरपणात वजन उतरवायचा प्रयत्न करायचा नसतो, कितीही जास्त असलं तरी.

तर तुमच्या ताटाकडे येऊ. दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट खायचं, असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरोदर बाईला रोजच्या गरजेपेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त सांगितल्यात. घरच्या भाषेत सांगायचं तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध, एवढंच. आता सासूबाईंचे दोन लाडू बघा. डिंक, खोबरं, खारीक, गूळ आणि सढळ हाताचं तूप. दोन लाडवांतच ती जास्तीची भर जवळपास पुरी होते, आणि त्यात प्रथिनं उसळ-दुधाच्या मानाने थोडीच. बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत जास्त लागतात ती प्रथिनंच. उलट्या थांबल्या, भूक परत आली आणि नेमके त्याच वेळी लाडू सुरू झाले, अशी वेळ जुळली असेल तर अर्ध्या किलोचा हिशेब तिथेच लागतो.

लाडू बंद करा असं मी घरात भांडण लावायला सांगणार नाही. डबा जाऊबाईंकडे सरकवा. तिला ते खरंच चालतील, फक्त जेवणाआधी नाही, नाहीतर तिची भूक मरेल. तुम्हाला आठवड्यातून एखादा पुरे. सकाळी त्याऐवजी उकडलेलं अंडं किंवा मोड आलेल्या मुगाची वाटी घ्या. भात एका वाटीवर ठेवा, वरण घट्ट आणि जास्त. फळांचा रस नको, फळ खा. संध्याकाळी अर्धा तास चाला. आमच्या बऱ्याच बायका तलावपाळीला चक्कर मारतात. गर्दीचं लोकलचं चढणं-उतरणं म्हणजे व्यायाम नव्हे, तो धक्का आहे, तो यात धरू नका.

आणखी एक काम लगेच करा, साखरेची चाचणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरून उपचार सुरू होतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. तुमचा बीएमआय आणि वजनाचा सध्याचा वेग पाहता ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. साखर वाढलेली निघाली तर आहाराचा तक्ता वेगळा होईल, वर लिहिलेला तसाच पाळू नका.

वजन घ्यायचं कसं यावरही दोन शब्द, कारण निम्मे गोंधळ काट्यामुळे होतात. एका काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. सुती गाऊन आणि जरीची साडी यांत किलोभराचा फरक सहज पडतो, भरपेट जेवण झालं असेल तर आणखी पाऊण. म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावरून मी काहीच ठरवत नाही, चार आठवड्यांचा उतार-चढाव बघते. घरी आठवड्यातून एकदा मोजा आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहा. रोज काट्यावर उभ्या राहिलात तर नुसती धास्ती वाढेल.

याला एकच अपवाद आहे, आणि तो तुम्ही दोघींनीही ध्यानात ठेवायचा. वजन जर आठवड्याभरातच किलो-दीड किलोने उडी मारत असेल, विशेषतः सातव्या महिन्यानंतर, तर ते बाळ नाही आणि लाडूही नाहीत. ते पाणी आहे. नौपाड्याची एक पेशंट होती, तेहतिसावा आठवडा, अंगाने तुमच्या जाऊबाईंसारखीच किडकिडीत. डोहाळजेवण नुकतंच झालेलं, हातात हिरव्या बांगड्या. नऊ दिवसांत तिचं २.३ किलो वाढलं, आणि घरचे आनंदात, की एकदाची अंगाला लागायला लागली. ती मला म्हणाली, ‘डॉक्टर, बांगड्या भरल्या तेव्हा सैल होत्या, आता फिरतच नाहीत.’ मनगटात काचेचा वण उठला होता, अंगठी निघत नव्हती, आणि सकाळपासून कपाळ ठणकत होतं. रक्तदाब १५० वर १००, लघवीत प्रथिनं. तिला त्याच दुपारी दाखल केलं. पायांना संध्याकाळी थोडी सूज येणं हे नेहमीचंच असतं, झोपून उठलं की उतरते. सकाळी उठतानाच चेहरा सुजलेला, हातांना सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा छातीखाली मधोमध दुखणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. १४० वर ९० किंवा त्यापुढे गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

जाऊबाईंविषयी तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. तिचं वजन छान चाललंय म्हणून बाळही तसंच वाढत असेल, असं काटा सांगू शकत नाही. ते पोटाच्या मापावरून आणि सोनोग्राफीवरून कळतं. तिला अठरा किलोपर्यंत जायची गरज नाही. तिच्यासारख्या अंगाच्या आमच्याकडच्या मुली तेरा-चौदावर थांबतात आणि बाळ चांगलं असतं. पण तिचा काटा दोन तपासण्यांमध्ये जागचा हलला नाही, तर मात्र ‘मूळचीच बारीक आहे’ म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन आणि बाळाची वाढ दोन्ही बघून घ्या. चार आठवड्यांनी तुमच्या कार्डावर ६७.५ च्या आसपास आकडा दिसायला हवा, तिच्या कार्डावर ५२.